काम-ए-दिल

लग्नात मामाला फारसं बोलावं लागत नाही. ‘मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे’ असा गुरुजींचा पुकारा झाला की भाचीला बोहल्यापर्यंत आणायचं, अंतरपाटापाशी तिच्या मागे उभं राहायचं, संपलं. तीन भाच्यांना मी असं आणलंय आणि तिन्ही लग्नांत तोंड उघडलं ते जेवायलाच. चौथीने मात्र मला अडकवलं. तिने नवरा निवडला तो इराणातल्या शिराजचा. आठ वर्षांपूर्वी शिकायला म्हणून पुण्यात आला, इथेच नोकरीला लागला. मराठी बोलतो, चांगली बोलतो, फक्त ‘तो चहा’ आणि ‘ती चपाती’ यांची अदलाबदल करतो. त्याचाही दोष नाही, फारसीत लिंगभेदच नाही. ‘ऊ’ म्हणजे तो आणि ती दोन्ही.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी भाची घरी आली. “मामा, संध्याकाळी स्वागत समारंभात त्याची आई हाफिज कवीचा एक शेर म्हणणार आहे. तिकडे म्हणतात तसा, वधूवरांसाठी. तू लगेच मराठीत अर्थ सांगायचास. चारच मिनिटं.”

“मी?”

“मग कोण? तुलाच येते ना फारसी.”

माझ्या फारसीबद्दल घरात असा एक गोड गैरसमज आहे. माझी हयात मोडी कागद वाचण्यात गेली. पेशवाईतल्या कागदांत दर ओळीला दोन-तीन फारसी शब्द भेटतात, त्यांच्या मागे लागता लागता मी त्या भाषेचे दोन वर्ग केले. शेतसाऱ्याचा हिशेब असला तर मी फारसीत कुठेही अडत नाही. प्रेमाबद्दल कोणी बोलायला लागलं की कोश काढतो.

पहिला प्रश्न होता शेर कोणता. विहीणबाई यायला अवकाश होता, त्यामुळे सूचना देणाऱ्यांना ऊत आला. एका भाच्याने मोबाइलवर रूमीच्या नावाचं एक सुंदर इंग्रजी वाक्य पाठवलं, ‘याचं मूळ शोध आणि म्हण’ म्हणून. शोधलं. नव्हतं. अशी पुष्कळ वाक्यं फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे: जुन्या फारसी कवितेतलं म्हणून सांगितलं जातं ते वृत्तात असायलाच हवं, आणि मूळ ओळ दाखवता यायला हवी. ‘गंजूर’ नावाच्या संकेतस्थळावर जुनी फारसी कविता बरीचशी आहे, तिथे पहिले दोन शब्द टाकले की ओळ सापडते. इंग्रजीतच जन्मलेला रूमी सापडत नाही.

मग जावईबापूंच्या मित्राने हाफिजच्या दिवाणातली, म्हणजे काव्यसंग्रहातली, पहिलीच गझल सुचवली. जगप्रसिद्ध आहे. तिच्या पहिल्या शेराची दुसरी ओळ अशी की प्रेम आधी सोपं वाटलं, मग मात्र अडचणी येऊन पडल्या. मी म्हटलं, ओळ खरी आहे, पण नुकत्याच बोहल्यावरून उतरलेल्या माणसाला ती आत्ताच सांगायची गरज नाही.

शेर ठरला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. गुरुजी विधी समजावून सांगायला घरी आले होते. वराला ‘नातिचरामि’ म्हणायचं असतं, त्याची तालीम चालू होती. गुरुजी सावकाश म्हणत होते, “धर्मे च, अर्थे च, कामे च...” आणि जावईबापूंनी एकदम हात वर केला, वर्गात करतात तसा.

“गुरुजी, कामे म्हणजे ऑफिसचं काम?”

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, “नाही. काम म्हणजे इच्छा. मनाची आस. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला डावलून पुढे जाणार नाही, असं तुम्ही म्हणायचंय.”

जावईबापू माझ्याकडे वळले. “मामा, हा तर आमचा काम आहे. काम-ए-दिल.”

या वेळी लिंगासकट सगळं बरोबर होतं. मराठीत आपण उठल्यापासून झोपेपर्यंत ज्याच्यामागे असतो ते काम संस्कृत ‘कर्म’वरून झिजत आलंय. फारसीतल्या ‘काम’चा त्याच्याशी संबंध नाही. तो ‘धर्म-अर्थ-काम’मधल्या कामाचा सख्खा भाऊ. इराणी सम्राट दर्यावहूच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांतसुद्धा तो ‘कामा’ असाच आहे, इच्छा याच अर्थाने. दोन्हीकडे शब्द एकच राहिला आणि मध्ये आपण त्याच्या जागी दुसरंच काम आणून बसवलं. त्या संध्याकाळी विहीणबाईंशी फोनवर बोलणं झालं. ‘काम-ए-दिल’ असलेला शेर म्हणाल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, मी तोच म्हणणार होते.

तो शेर असा. हाफिजचाच:

दरख्त-ए-दोस्ती बिन्शान कि काम-ए-दिल ब-बार आरद
निहाल-ए-दुश्मनी बरकन कि रंज-ए-बेशुमार आरद

सरळ अर्थ सांगायचा तर ‘मैत्रीचं झाड लाव, त्याला मनातल्या इच्छेचं फळ येतं; वैराचं रोप उपट, त्याने अगणित दुःख येतं.’ एवढं वाक्य वाचून खाली बसलो असतो तर चालून गेलं असतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण असं वाक्य शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिता येतं, आणि तिथेच अडचण होती. अर्थ सगळा आला, शेर मात्र आला नाही. इराणात हा शेर लहान मुलांनाही पाठ असतो. साडेसहाशे वर्षं टिकली ती ओळ नुसत्या उपदेशावर टिकली नसणार.

म्हणून दोन रात्री मी तो शब्द-शब्द उलगडून पाहिला. माधव ज्युलियनांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश खाली काढला, त्याच्यावरची धूळ झटकली आणि बायकोचे दोन शब्द ऐकून घेतले.

आधी लक्षात आलं ते क्रियापद. ‘बिन्शान.’ आपण म्हणतो ‘लाव’. मूळ शब्द ‘निशांदन’, म्हणजे बसवणं. हाफिज झाड लावत नाही, बसवतो. आणि बसवणं या क्रियापदाचं मराठीत काय काय होतं बघा. गणपती बसवतो, घट बसवतो, चाल बसवतो, आणि संसाराची काय बसवतो? घडी. नुसतं खड्ड्यात घालून माती लोटली म्हणजे बसवलं असं होत नाही. बसवलेली गोष्ट हलू नये, तिचा तोल सांभाळला जावा, हे त्या शब्दात आहे. ‘लाव’ म्हटलं असतं तर हे सगळं निसटलं असतं. भाषांतर करताना आपण सोपा शब्द घेतो आणि नेमका घरचा शब्द विसरतो.

दुसरी गोष्ट मला विहीणबाईंनीच दाखवली. त्या पुण्यात पोचल्या त्या दिवशी मी माझा अर्थ त्यांना वाचून दाखवला, भाची मध्ये दुभाषी. मी ‘मैत्रीचं झाड, वैराचं झाड’ असं लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली. “पहिल्या ओळीत दरख्त. दुसऱ्या ओळीत निहाल.” दरख्त म्हणजे वाढलेलं झाड. निहाल म्हणजे रोप, कोवळं, हाताच्या बोटाएवढं. मी चपापलो. खरंच की. लावायचं असतं रोप आणि उपटायचं असतं झाड, पण हाफिजने उलटं केलंय. मैत्री बसवतानाच तिला झाड म्हणतो, जणू सावली आत्ताच पडली. आणि वैराला झाड होऊच देत नाही. ते रोप असतानाच काढायचं, कारण नंतर हाताने निघत नाही. माझ्या अर्थात दोन्हीकडे झाड होतं आणि सगळा शेर त्यामुळे सपाट झाला होता.

त्याच दिवशी त्यांनी माझे उच्चारही तपासले. मी ‘दोस्ती’ म्हटलं, त्या म्हणाल्या ‘दूस्ती’. मी ‘बेशुमार’, त्या ‘बीशोमार’. मी ‘दिल’, त्या ‘देल’. मला वाटलं, माझं सगळंच चुकतंय. पण ओ आणि ए यांच्या बाबतीत तसं नाही. आपल्याकडे फारसी आली तेव्हा तिकडेही ‘दोस्त’ असाच उच्चार होता. पुढे इराणात तो ओ बदलून ऊ झाला, ए बदलून ई झाला, आणि आपण जुनाच धरून बसलो. पुण्यातल्या रिक्षावाल्याचा ‘दोस्त’ हा हाफिजच्या काळाला आजच्या तेहरानपेक्षा जवळचा आहे. हे ऐकल्यावर विहीणबाई म्हणाल्या, मग मी माझ्या पद्धतीने म्हणते, तुम्ही तुमच्या आजोबांच्या पद्धतीने म्हणा. तह झाला.

लग्न सकाळी झालं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, जावईबापूंनी तीनदा ‘नातिचरामि’ म्हटलं आणि तिसऱ्यांदा तर गुरुजींपेक्षा मोठ्याने. मग हॉलच्या एका कोपऱ्यात विहीणबाईंनी त्यांची सोफ्रे मांडली. जमिनीवर शुभ्र कापड, त्यावर आरसा, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, हाफिजचा दिवाण, आणि साखरेचे दोन शंकू, आपल्या देवळाच्या कळसासारखे. वधूवर बसले, त्यांच्या डोक्यावर बायकांनी एक पांढरं वस्त्र चारी टोकांना धरलं आणि एकेक जणी येऊन ते शंकू त्याच्यावर एकमेकांवर घासू लागल्या. साखरेची भुकटी वस्त्रात पडत होती, थोडी बाहेरही. माझी मोठी बहीण म्हणाली, “आपण मध्ये धरतो, हे वर धरतात.” हॉलच्या माणसाने मात्र मुंग्या येतील म्हणून लगेच झाडू आणला.

संध्याकाळी सातनंतर स्वागत समारंभ. तीनशे माणसं, त्यातली निम्मी स्टेजच्या रांगेत आणि उरलेली जेवणाच्या. अशा वेळी चार मिनिटं म्हणजे फार असतात. विहीणबाईंनी माइक घेतला आणि शेर म्हटला. म्हटला म्हणजे गायला नाही, पण लय धरून म्हटला. माझ्या शेजारी उभा असलेला आमचा एक गझलवेडा मित्र बोटांवर मोजत होता. पहिली ओळ संपायच्या आत माझ्या कानात म्हणाला, “अरे, ही वियद्गंगा आहे! लगागागा, चारदा.” वृत्त तेच होतं खरं. ज्यांना एकही शब्द कळला नव्हता त्यांचेही पाय हलत होते ते त्यामुळे.

मग माइक माझ्याकडे आला. माझ्या दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा पेला होता. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो तसाच उंचावून सुरुवात केली.

“मंडळी, शिराजहून दख्खनला निघालेला हा पहिला माणूस नव्हे. सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानाने खुद्द हाफिजला बोलावणं धाडलं होतं, वाटखर्चाला पैसेही पाठवले होते. हाफिज निघाला, होर्मुझला जहाजावर चढला, तेवढ्यात वादळ झालं. तो उतरला, घरी परतला आणि दरबारी एक गझल पाठवून दिली. त्यात म्हणतो, लाभाच्या आशेने समुद्राचं दुःख आधी सोपं वाटलं, पण शंभर मोत्यांसाठीसुद्धा हे वादळ परवडत नाही. ही हकिकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलीय. तेव्हा हाफिजला जे जमलं नाही ते आमच्या जावईबापूंनी करून दाखवलं. आणि सुलतानाकडून एक पैसा न घेता.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हे मला हवं होतं. शेराचा अर्थ सांगण्याआधी शेर कुठून आला ते सांगितलं की ऐकणाऱ्याला बसायला जागा मिळते.

“आता हा शेर. तुम्हाला वाटतंय, आपल्याला फारसी येत नाही. मी म्हणतो, यातले निम्मे शब्द तुम्ही आज सकाळपासून वापरताय. दोस्ती कोणाला कळली नाही? दिल? दुश्मनी? रंज म्हटल्यावर रंजले-गांजले कोणाच्या मनात आले नाहीत? बेशुमार म्हणजे आपलं बेसुमार. शुमार म्हणजे मोजणी. ‘सुमारे तीनशे लोक येतील’ असं आमच्या मेव्हण्यांनी केटररला सांगितलं, तो सुमार इथलाच. आणि आलेत बेसुमार.”

मेव्हणे हसले, केटरर हसला नाही.

“‘बार’ म्हणजे फारसीत ओझंही आणि फळही, कारण झाड जे वाहतं ते दोन्ही. आपण बंदुकीत भरतो तोही बार, आणि लग्नाचा उडवतो तोही. आता उरला एक शब्द, जो कळला असं तुम्हाला वाटतंय आणि तिथेच तुम्ही फसलात. काम.”

मी थांबलो. पुढच्या रांगेतले आमचे एक काका मोठ्याने म्हणाले, “काम करा, दिल लावून!” हशा झाला. त्यांना किती धन्यवाद द्यावेत. असा एक माणूस सभेत हवाच, नाहीतर चूक आपल्यालाच करून दाखवावी लागते.

“काका, मलाही आधी तसंच वाटलं. पण सकाळी गुरुजी काय म्हणाले आठवा. धर्मे च, अर्थे च, कामे च. तो काम. मनाची आस. शिराजचा काम-ए-दिल आणि आपल्या कन्यादानातला काम एकच. जावईबापूंनी सकाळी संस्कृतात जो शब्द दिला, त्यांच्या आईने संध्याकाळी फारसीत तोच म्हटला. आपल्याला वेगळं ऐकू आलं, कारण मधल्या काळात आपल्याला ऑफिसं लागली.”

इथे माझी बहीण, मुलीची आई, डोळे पुसायला लागली आणि मला पुढचं आठवेना. कागद खिशात होता, खिसा शेरवानीच्या आत होता, एका हातात माइक आणि दुसऱ्यात मठ्ठा. तेवढ्यात विहीणबाई शेजारून हळूच म्हणाल्या, “निहाल.” मी सावरलो. दरख्त आणि निहाल यांचा फरक सांगितला, ‘बसवणं’ सांगितलं, गणपतीचं उदाहरण दिलं. लग्नात ‘दुश्मनी’ हा शब्द ऐकून एक आजी मघापासून नाराज दिसत होत्या. त्यांच्याकडे बघून म्हटलं, “आजी, वैराचं झाड नाही हो. रोप. रविवारी सकाळी टॉवेल ओला ठेवला कोणी, एवढंच. ते संध्याकाळच्या आत उपटायचं.” आजींनी आजोबांकडे पाहिलं. टॉवेल कोण ओला ठेवतं ते सगळ्या हॉलला कळलं.

मग विहीणबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा. हे आम्ही आधी ठरवलं होतं. पहिल्यांदा शेर कानावरून गेलेला असतो. अर्थ कळल्यावर दुसऱ्यांदा ऐकला की शब्द सापडायला लागतात. त्या ‘काम-ए-देल’ला आल्या तेव्हा चार-पाच जणांनी मागून तो शब्द उचलला. मी म्हटलं, “सुखाने बसवा,” पेला उंच केला आणि मठ्ठा पिऊन टाकला. जावयाच्या भावाने माझ्याकडून पेला घेऊन हुंगला आणि खूश होऊन म्हणाला, “दूग!” त्यांच्याकडेही ताक असतं, वर पुदिना टाकतात.

साडेपाच मिनिटं झाली होती. भाचीने नंतर ते ऐकवलंच.

जेवताना सांगोल्याचे एक पाहुणे विहीणबाईंच्या समोर येऊन बसले. त्यांची डाळिंबाची बाग. माझ्या भाषणातलं त्यांना एकच पटलं नव्हतं. “तुम्ही झाड बसवायचं म्हणालात ते ठीक. पण फळ कधी धरायचं ते तुमचा कवी सांगत नाही. आमच्यात गुटी कलम लावलं की पहिली दोन वर्षं बहार धरत नाही आपण. फुलं आली तरी काढून टाकायची. आधी खोडाला जीव येऊ द्यायचा. नाहीतर फळाच्या वजनाने फांद्या लोळतात.”

भाचीने भाषांतर केलं. बहार या शब्दाला ती अडखळली, मग लक्षात आलं की त्याचं भाषांतर करायचंच नाहीये, तो आधीच त्यांचा आहे. फक्त त्यांच्याकडे बहार वसंतात येते आणि सांगोल्यात मृगाचा, हस्ताचा आणि आंबे असे तीन बहार आहेत, हे त्यांना सांगावं लागलं. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या माहेरच्या अंगणात डाळिंबाची झाडं होती. त्यांनी विचारलं, बुंध्यातून फुटवे येतात त्यांचं तुम्ही काय करता?

“कोवळे असताना हातानेच काढायचे,” पाहुणे म्हणाले आणि ताटावरच बोटांनी करून दाखवलं, “असं, खाली दाबून. राहू दिले की मग कात्री.”

“निहाल,” विहीणबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, तेच म्हणतायत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि बागेचे फोटो दाखवायला सुरुवात केली. जिलबी संपेपर्यंत ते दोघं डाळिंबावरच बोलत होते, आणि भाची मध्ये बसून जेवायची राहिली.